ऐंशी तुकडे, एक घडी

आमच्या घरात मला इस्त्रीला हात लावायला बंदी आहे. लग्न होऊन, मुलं मोठी होऊन, डोक्यावरचे केस विरळ होऊनही ही बंदी उठलेली नाही. बाहेरच्यांना वाटतं, घरचे माझे लाड करतात. खरं कारण माझ्या वहिनीच्या शिलाई मशीनच्या खणात आहे. ते काय आहे ते शेवटी सांगतो, कारण आधी सांगितलं तर माझी बाजू ऐकायला कोणी थांबणार नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहायचो, आई, दादा, वहिनी आणि मी, दोन खोल्यांत चार माणसं. मी बी.कॉम. होऊन नोकरीच्या शोधात होतो, म्हणजे घरात बसून सगळ्यांना सल्ले देत होतो. माझा एक सल्ला कायमचा होता: इस्त्री कशी करावी. दादाच्या पँटला दोन घड्या पडायच्या, माझ्या पँटला एकच, आणि तीही सुरीसारखी. मला त्या काळात ज्या गोष्टींचा अभिमान होता त्यांची यादी एवढीच होती.

वहिनी शिवणकाम करायची. साडीला फॉल, पिको, ब्लाउज सैल करणं, ब्लाउज घट्ट करणं. याचा तिला कंटाळा आलेला. तिला गाळा घ्यायचा होता, वर पाटी लावायची होती, दोन मशीनं मांडायची होती. आणि अचानक तिला एक काम मिळालं. डोंबिवलीच्या एका मुलींच्या शाळेत क्रीडादिनाचं संचलन होतं. त्यासाठी चाळीस मुलींचे चुण्यांचे स्कर्ट शिवायचे. पहिल्यापासून तिथे शिवणाऱ्या बाई गावी गेलेल्या, म्हणून हे वहिनीकडे आलं. शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "हे चाळीस नीट आले तर जूनपासून सगळ्या शाळेचे गणवेश तुम्ही शिवा. नाही आले तर आपण दोघीही हा विषय विसरून जाऊ."

कापड शाळेनेच दिलेलं. गडद निळं, शंभर टक्के पॉलिस्टर. मोजून तेवढंच. त्या रंगाचा तागा दुकानात संपलेला, पुढचा येईल तो थोडा वेगळ्या छटेचा येणार, हे दुकानदाराने आधीच सांगून ठेवलेलं. कातर लावण्याआधी वहिनी देवापुढे उभी राहिली होती. ती एरवी देवापुढे फक्त दिवा लावण्यापुरती उभी राहायची.

आता चुण्यांच्या स्कर्टचं एक आहे. चुण्या आधी पाडायच्या आणि मग खाली दुमड घालायची असं नाही चालत. आधी सपाट तुकड्याला खालची दुमड शिवायची, मग चुण्या पाडून आणायच्या, मग बाजू आणि पट्टा जोडायचा. एका स्कर्टला दोन तुकडे, पुढचा आणि मागचा. म्हणजे ऐंशी तुकडे. वहिनीने तीन दिवसांत ऐंशी दुमडी शिवल्या. चुण्या पाडायला सगळे तुकडे कल्याणच्या प्लीटिंगवाल्याकडे न्यायचे होते.

त्या सोमवारी तिला मुलींच्या कमरांची मापं घ्यायला डोंबिवलीला जायचं होतं. निघताना मला म्हणाली, "भावोजी, दुमडीवरून तेवढी हलक्या हाताने इस्त्री फिरवा. रेग्युलेटर कमी ठेवा. आणि तुकडे सपाटच एकावर एक ठेवा, घडी घालू नका."

"वहिनी, इस्त्रीचं मला सांगता?"

"तुम्हालाच सांगतेय. तुमच्या दादांना सांगितलं नसतं, त्यांना हातच लावू दिला नसता."

मी ते कौतुक समजलो.

ती गेली आणि मी कामाला लागलो. पहिल्या तुकड्याची दुमड दाबली. छान बसली. मग वाटलं, दुमड एवढी टापटीप आणि वरचं कापड असं चुरगळलेलं, हे बरं दिसत नाही. सगळा तुकडाच दाबला. वरून ओलं मलमल टाकलं, कारण तेवढं मला कळत होतं. पण कमी आचेवर मलमल लवकर सुकेना. मी रेग्युलेटर फिरवून सुतीवर नेला. चर्रर्र आवाज येत राहिला, आणि तो आवाज थांबेपर्यंत, म्हणजे मलमल पार कोरडं होईपर्यंत, मी दाबत राहिलो. काम कसं पक्कं व्हायला हवं.

आणि मग घडी. आता माझी बाजू ऐका. आमच्या घरी इस्त्री केलेलं कापड घडी न घालता ठेवणं म्हणजे जेवून ताट तसंच सोडून उठणं. आईने लहानपणापासून हेच शिकवलेलं. सपाट ठेवा म्हणजे नीट ठेवा, असाच अर्थ मी घेतला. तुकडा मीटरभर रुंद, त्याची मधोमध घडी घातली की झकास चौकोन व्हायचा. सुलट बाजू आत घ्यायची, म्हणजे मळत नाही, हेही आईचंच. कडेला कड जुळवायची, एका सुताचाही फरक नाही. घडीवरून पुन्हा एकदा गरम इस्त्री, जोर देऊन. आणि गरम असतानाच गठ्ठ्यावर आईची लोखंडी पेटी ठेवून द्यायची, संपूर्ण गार होईपर्यंत. पँटची धार मी अशीच आणायचो.

ऐंशी तुकडे. दुपारी जेवायला उठलो तेवढाच. संध्याकाळी ते गठ्ठे बघून मला भरून आलं. निळे चौकोन, एकावर एक, जणू दुकानातून आत्ताच आलेले. वहिनी दमून आली तेव्हा मी ते चादरीत बांधून दारापाशी ठेवले होते. तिने वरून हात फिरवला आणि म्हणाली, "बांधलेतसुद्धा? शहाणे आहात." तिने गाठ सोडली नाही. ती एवढी दमलेली नसती तर ही गोष्ट त्याच संध्याकाळी संपली असती. घडल्या प्रकारातला तिचा दोष एवढाच.

मंगळवारी मी गठ्ठा घेऊन कल्याणला गेलो. प्लीटिंगवाल्याची शेड बाजारामागच्या गल्लीत होती. वर पत्रा, आत वाफेचा ओला वास, आणि भिंतीवर टांगलेले जाड कागदाचे लांबच लांब साचे, हार्मोनियमच्या भात्यासारखे घड्या घातलेले. प्लीटिंगवाले काका साठीचे असतील. खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. भाऊ होड्यांवर जायचे, हे एकटे कापडात आलेले. बनियन घालून स्टुलावर बसले होते.

"स्कर्टवाल्या बाईंचे कोन तुमी?"

"दीर."

"बसा. आधी नमुना करतो. पार्टी बदलली का कापड बदलतं, कापड बदललं का टाइम बदलतो."

वहिनीने नमुन्यासाठी एक लांब पट्टी दिली होती. काकांनी साच्याचे दोन कागद उघडले. दोन्हींच्या घड्या सारख्या, एकात एक बसणाऱ्या. त्यांच्यामध्ये पट्टीचं एक टोक ठेवलं आणि दोन्ही बाजूंनी हाताने गोळा करत आणलं. कागद मिटला तसं आतलं कापडही मिटलं. मग लाकडाच्या पट्ट्या लावून दोरीने करकचून बांधलं आणि वाफेच्या पेटीत ढकललं. मी उभा राहून बघत होतो. आपल्यालाही यातलं कळतं अशा चेहऱ्याने.

काही वेळाने त्यांनी पुडकं बाहेर काढलं आणि फळीवर ठेवलं. मी दोरीला हात घातला.

"हात काढा," काका म्हणाले. "गरम हाय तोवर उघडायचं नाय."

"चटका बसेल म्हणून?"

"तुमाला बसंल ते बसंल. पण आत्ता उघडलं का सगळ्या चुण्या सैल. हे कापड तापलं का आतनं ढिलं पडतं. ज्या आकारात धरून ठेवाल त्या आकारात बसतं. आनि तिथंच गार झालं का झालं. मग ते त्याच आकाराला आपला आकार मानतं."

पुडकं निवल्यावर त्यांनी पट्टी काढली. चुण्या अशा, की कागदातून कापल्यासारख्या. काकांनी ती बादलीत बुचकळली, पिळली, ओढून ताणली आणि सोडली. चुण्या एकामागून एक आपापल्या जागी जाऊन बसल्या. मला खरोखर धक्का बसला. आमच्या आईच्या सुती साडीची इस्त्री ती दारातून बाहेर पडेपर्यंतसुद्धा टिकायची नाही.

"आणि धुतल्यावर?"

"धुवा ना. दहा वेळा धुवा. धुवायचं पानी कवा एवढं गरम असतं? जेवढ्या आचेला घडी बसली, तेवढी आच पुन्हा लागल्याबिगर ती सुटत नाय. माझ्या भावाचं नायलॉनचं जाळं असतं ना, त्याच्या गाठीपन अशाच तापवून बसवतात. मग समिंदरात वर्षभर राहिलं तरी गाठ सरकत नाय. तीन गोष्टी लागतात. आच, दाब आनि गार होईस्तोवर धीर."

आच. दाब. गार होईस्तोवर धीर.

मी चादरीच्या गाठीकडे बघितलं. डोळ्यांसमोर आईची लोखंडी पेटी आली. मी न विचारता मटकन स्टुलावर बसलो, आणि ते काकांचं स्टूल होतं.

"काय झालं? पानी देऊ?"

"काका," मी म्हणालो, "समजा एखाद्याने इस्त्रीने घडी घातली असेल..."

"एखाद्याने म्हंजी कोनी?"

मी गाठ सोडली. काकांनी वरचा चौकोन उचलला, उघडला, उजेडाला धरला. मधोमध वरपासून खालपर्यंत एक रेघ. आखून काढावी तशी. त्यांनी दुसरा उघडला. तिसरा. मग गठ्ठ्याच्या तळातून एक ओढून काढला. मग उघडायचं थांबवून ते माझ्याकडे बघत राहिले.

"सगले?"

"सगळे."

"कोन इस्त्रीवाला हाय तुमचा?"

मी हात पाठीमागे घेतले. एवढ्यात त्यांना कळलं. हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, आपण काढून टाकू, पुन्हा इस्त्री फिरवू, त्यात काय. त्यांनी आपली इस्त्री तापवली. एका तुकड्यावर ओलं फडकं टाकून मध्यम आचेवर दाबलं. घडी सपाट झाली, पण रेघ तिथेच. त्यांनी थोडा व्हिनेगर पाण्यात मिसळून लावला. रेघ फिकी झाली, गेली नाही. उजेडात धरली की पुन्हा दिसायची.

"आता तुमची आच दाखवतो," असं म्हणून त्यांनी नमुन्याच्या पट्टीचं दुसरं, सपाट टोक घेतलं. माझ्यासारखीच घडी घातली, सुतीवर नेलेली इस्त्री दाबली, वर वीट ठेवली, गार होऊ दिली. माझा संपूर्ण सोमवार पाच मिनिटांत. मग ती घडी काढायला लागले. आच वाढवली, अजून वाढवली, फडकं काढून टाकलं. रेघ जाता जाता राहिली आणि तिच्या दोन्ही बाजूंचं कापड एकदम चकाकायला लागलं. तेल लावलेल्या तव्यासारखं. पुढे इस्त्री थोडी चिकटलीच.

"बगितलं? घडी घातली तेवढ्या आचेला सुटंल. पन तुमी घातली तीच आच एवढी, का त्याच्यावर गेलं तर कापड जलतं. माझ्या वाफेच्या पेटीत ती आच नायच. तुमी माझ्यापेक्षा पक्कं काम केलंय, साहेब."

आयुष्यात माझ्या कामाला कोणी पक्कं म्हटल्याची ही पहिली वेळ.

गठ्ठा काकांकडेच ठेवून, नुसते दोन तुकडे घेऊन कल्याणहून ठाण्याला परत कसा आलो ते आठवत नाही. मनात एकच चालू होतं, वहिनीला कसं सांगायचं. दारातूनच आधी "कापड खराब निघालं" असं म्हणावं असं ठरवलं होतं. पण वहिनी मशीनवर बसून जुन्या कागदावर पाटीची अक्षरं काढून बघत होती. गाळ्याची पाटी. मी म्हणालो, "वहिनी, मी घडी घातली."

तिने वर बघितलं. "कशाची?"

"सगळ्यांची. मधोमध. गरम इस्त्री. वर आईची पेटी."

ती ओरडेल असं वाटलं. ती ओरडलीच नाही. पेन्सिल खाली ठेवली आणि पाटीचा कागद उलटा करून ठेवला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, घडी घातली तर काय बिघडलं? नीटनेटकं केलं पोराने." वहिनीने तिकडे मानसुद्धा वळवली नाही. दादाने वर्तमानपत्र चेहऱ्यावर ओढून घेतलं.

मग तिने विचारलं, "मधोमध म्हणजे अंदाजे, की मधोमध?"

"कडेला कड जुळवून."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. एका सुताचाही फरक नाही."

"सुलट बाजू आत की बाहेर?"

"आत."

तिने मी परत आणलेले दोन तुकडे मागितले. टेप लावला. एकाची रेघ कडेपासून बरोबर अर्ध्यावर. दुसऱ्याचीही. तिने ती पुन्हा मोजली. मग एका तुकड्याला हाताने चुण्या घालून बघायला लागली, एक इंच वर, दोन इंच आत, एक इंच वर. चुणी जिथे आत वळते तिथे माझी रेघ आणून बसवली. रेघ नाहीशी झाली. म्हणजे रेघ होतीच, पण आता ती चुणीची आतली घडी होती. सुलट बाजू आत घातलेली असल्यामुळे ती वळतही त्याच दिशेला होती.

"भावोजी," ती म्हणाली, "निदान सगळं सारखंच चुकवलंत."

बुधवारी आम्ही दोघं कल्याणला गेलो. काका आधी नाहीच म्हणाले. त्यांचा तुकडा साच्यात कडेपासून लागायचा, मधून नाही. वहिनी म्हणाली, "काका, कडेला कमी-जास्त झालं तर माझ्यावर सोडा. बाजूच्या शिवणीत मी कापड जास्त ठेवते. यांच्या दादांच्या पोटामुळे सवय लागलीय." काका हसले आणि स्टुलावरून उठले. मग साच्याच्या एका आतल्या वळणावर त्यांनी खडूने खूण केली. प्रत्येक तुकड्याची रेघ त्या खुणेवर ठेवायची आणि मग दोन्ही बाजूंना कापड पसरायचं. रेघ जुळवायचं काम वहिनीने केलं. मला तुकडे उघडून हातात द्यायचं काम मिळालं. काका दर वेळी म्हणायचे, "साहेब, घडी नका घालू."

एकोणऐंशी तुकडे झाले. ऐंशीवा मी उघडला आणि वहिनीचा हात थांबला. त्याची रेघ उलटी होती. सुलट बाजू बाहेर. तो माझा पहिला तुकडा होता, आईचा नियम आठवायच्या आधीचा.

मला वाटलं, एवढ्याने सगळं जाणार. एकोणचाळीस मुली आणि एक मोकळी जागा, मोठ्या बाई समोरच खुर्चीवर. वहिनीने तुकडा आतल्या वळणावर धरून बघितला. घडी एकीकडे ओढत होती आणि चुणी दुसरीकडे.

"आतल्या वळनावर नाय बसनार तो," काका म्हणाले. "बाहेरच्या धारेवर बसवा. बाहेर यायचंय ना त्याला, येऊ दे."

रेघ बाहेरच्या धारेवर आणायला तुकडा इंचभर सरकवावा लागला. एका बाजूची शिवण जेमतेम उरली. तो स्कर्ट कमरेला पाऊण इंच लहान झाला. वहिनीने मापांची वही काढली, पानं उलटली आणि एका नावावर बोट ठेवलं. "ही आहे. काडीसारखी आहे. फुंकर मारली तर उडेल." आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

क्रीडादिनाला मी डोंबिवलीला गेलो. बोलावलं नव्हतं तरी. चाळीस मुली चालल्या, वळल्या, थांबल्या. चुण्या उघडत होत्या, मिटत होत्या. मी एका कोपऱ्यात उभा राहून डोळे ताणून रेघ शोधत होतो आणि मला एकही सापडत नव्हती. मोठ्या बाईंनी एका मुलीला जवळ बोलावून तिच्या चुण्या बोटांनी चाचपल्या तेव्हा मी कोपऱ्यात अजून आत सरकलो. ती काडीसारखी मुलगीच होती. बाई म्हणाल्या, "धार बघा केवढी आलीय." वहिनीने माझ्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर मी बोललो असतो, हे तिला ठाऊक होतं.

जूनमध्ये गणवेशांचं काम आलं. पुढे काही वर्षांनी गाळाही झाला. नव्वदच्या दशकात आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो, मला नोकरी लागली, लग्न झालं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बायकोला वहिनीने घरातली पहिली गोष्ट सांगितली ती ही.

आणि मशीनच्या खणात ती नमुन्याची पट्टी आहे. एका टोकाला काकांच्या चुण्या, दुसऱ्या टोकाला माझ्या आचेची घडी आणि तिच्या बाजूची तव्यासारखी चकाकी. त्या पट्टीने वहिनी ब्लाउजच्या कागदी कापांची गुंडाळी बांधते. परवा तिची नात शिवण शिकायला बसली. तिने ती पट्टी सोडली आणि विचारलं, "आजी, ही चुरगळलीय, इस्त्री करू?"

"कर ना," वहिनी म्हणाली आणि माझ्याकडे बघून चष्मा पुसायला लागली.

पोरीने मन लावून इस्त्री केली. कमी आचेवर, ओलं फडकं टाकून, सगळं नीट. मग पट्टी खिडकीशी उजेडात धरली.

"जात नाहीये, आजी," ती म्हणाली. "कोणी घातलीय ही?"